बदललेली वस्तू छायाचित्रात उपरी वाटू नये म्हणून: कर्व्ह्ज आणि ह्यू वापरून व्हाइट बॅलन्स जुळवण्याची पद्धत

एका छायाचित्रातली वस्तू काढून तिच्या जागी दुसरीकडे टिपलेली वस्तू बसवली, कडा नीट कापल्या, आकार आणि कोन जुळवला, तरीही ती चिकटवल्यासारखी दिसते, याचे कारण बहुतेक वेळा रंगात असते. मूळ दृश्यावर एका प्रकारच्या प्रकाशाची झाक असते आणि नव्या वस्तूवर दुसऱ्या. त्या वेळी हात आधी टेंपरेचरच्या स्लायडरकडे जातो आणि वस्तू थोडी पिवळी, थोडी निळी करत अंदाजाने मेळ घालण्याचा प्रयत्न सुरू होतो. या लेखात मांडलेली पद्धत अंदाजावर चालत नाही. दृश्यात ज्या पांढऱ्या वस्तूचा रंग आपल्याला माहीत आहे तिची झाक प्रकाशात आणि सावलीत वेगवेगळी मोजायची, आणि नव्या वस्तूच्या त्या त्या बाजूला तेवढीच झाक कर्व्ह्जने द्यायची. ह्यूचे काम त्यानंतर येते आणि ते मर्यादित असते.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका व्यापाऱ्यासाठी काढलेले छायाचित्र आहे. लाकडी टेबलावर पितळी परातीत राजापुरी हळदीच्या भुकटीचा ढीग आहे, परातीच्या डावीकडे हळदीचा प्लॅस्टिकचा पाउच उभा आहे आणि पुढे एक पांढरी चिनी मातीची बशी ठेवली आहे. डावीकडून, जरा वरून, पिवळसर एलईडी बल्बचा उजेड येतो आणि उजवीकडच्या खिडकीतून संध्याकाळचा निळसर उजेड येतो. आता व्यापाऱ्याने वेष्टन बदलले असून पाउचच्या जागी पुठ्ठ्याचा पांढरा खोका आला आहे, त्यावर पूर्वीच्याच हिरव्या शाईत नाव छापले आहे. खोक्याचे छायाचित्र वेगळ्या दिवशी, दुकानाबाहेर सावलीत काढलेले आहे. पांढरा खोका रंग जुळवण्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण, कारण पांढऱ्यावर जरासा फरकही लपत नाही. दुसरीकडे, हळद पाहणारा गिऱ्हाईक रंगावरूनच माल पारखत असल्याने मूळ दृश्यातल्या हळदीला हात लावण्याची मुभा नाही. म्हणून दृश्य प्रमाण मानायचे आणि खोक्याने त्याच्याशी जुळवून घ्यायचे, ही दिशा कामाच्या सुरुवातीलाच ठरते.

केल्विनचे आकडे का सारखे करू नयेत

रॉ फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दृश्याचे टेंपरेचर समजा ३९०० दाखवते, तर खोक्याच्या फाइललाही ३९०० द्यावे, असा विचार अनेकांच्या मनात येतो. तो चुकीचा आहे. तो आकडा प्रकाशाचा रंग सांगत नाही, प्रोग्रॅमने किती भरपाई केली ते सांगतो. दृश्यातला बल्ब ३००० केल्विनच्या आसपासचा असेल आणि भरपाई ३९०० ची केली असेल, तर चित्रात थोडी ऊब मुद्दाम शिल्लक राहिलेली असते, आणि नेमकी ती शिल्लक आपल्याला हवी असते. खोका बाहेरच्या सावलीत टिपलेला आहे, जिथला प्रकाश ७००० केल्विनच्या वरही जातो. त्याला ३९०० दिले तर तो निळाशार होईल. जुळवायची असते ती भरपाईनंतर उरलेली झाक.

त्यामुळे काम दोन टप्प्यांत होते. आधी खोका पूर्णपणे उदासीन करायचा, म्हणजे त्याच्या पांढऱ्यात लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे सारखे येतील असे करायचे. मग दृश्यात मोजलेली झाक त्यावर चढवायची. एकाच वेळी दोन्ही करायला गेले की कोणता दोष कशामुळे राहिला, ते कळत नाही.

खोका उदासीन करताना एक अडचण येते. पॅकिंगच्या पांढऱ्या पुठ्ठ्यात आणि कागदात चकाकी वाढवणारी रसायने घातलेली असतात. दिवसाच्या प्रकाशातले अतिनील किरण शोषून ती निळा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून असा पुठ्ठा उघड्यावरच्या सावलीत खऱ्या पांढऱ्यापेक्षा निळा टिपला जातो. एलईडी बल्बच्या उजेडात अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे तोच पुठ्ठा तिथे इतका निळा दिसला नसता. यावर उत्तम उपाय म्हणजे दृश्यात वापरलेली तीच बशी खोक्याच्या छायाचित्रातही शेजारी ठेवणे. रॉमधला व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर बशीवर टेकवायचा. बशीचे तिन्ही आकडे एक झाल्यावर खोक्याचा पांढरा तपासायचा. तो २२४, २२५, २३३ असा निळ्याकडे झुकलेला आढळला, तर निळ्या चॅनेलच्या कर्व्हने तो २२६ च्या जवळ आणायचा. दोन्ही चित्रांत एकच बशी असण्याचा आणखी एक फायदा आहे: ती अगदी निर्दोष पांढरी नसली तरी चालते, कारण दोन्हीकडे दोष तोच असतो.

बशी नसेल, तर दृश्यात उदासीन काय आहे हे जपून ठरवावे लागते. चुना दिलेल्या भिंतीवर भरवसा ठेवू नये, कारण चुन्यात नीळ मिसळण्याची पद्धत आहे. स्टीलचे भांडे आजूबाजूचे सगळे रंग परावर्तित करते. सिमेंटची कोरडी फरशी त्या मानाने बरी.

तयारी

दोन्ही फाइली एकाच कलर प्रोफाइलमध्ये आणि १६ बिटमध्ये घ्याव्यात. एक फाइल sRGB आणि दुसरी Adobe RGB असेल आणि आयात करताना रूपांतर झाले नसेल, तर हिरवा आणि लाल फिके किंवा भडक दिसतात आणि तो दोष कर्व्ह्जने कितीही झटले तरी जात नाही. संगणकाचा रात्रीचा पिवळा मोड बंद करावा.

वाचन घेताना एकेका पिक्सेलवर विसंबू नये, कारण सावलीतल्या भागात दाणे असतात आणि शेजारच्या दोन पिक्सेलांत दहा-बारा अंकांचा फरक सहज पडतो. फोटोशॉपमध्ये ड्रॉपरचा Sample Size किमान 5 by 5 Average ठेवावा. GIMP मध्ये Color Picker चा Sample average चालू करावा. फोटोशॉपमध्ये Color Sampler Tool ने खुणा रोवून ठेवल्या की पुढे प्रत्येक बदलानंतर Info पॅनेलमध्ये आकडे समोरच राहतात.

दृश्य मोजणे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. नियम असा की ज्या दिशेला खोक्याची बाजू तोंड करून आहे, त्याच दिशेला तोंड केलेला बशीचा भाग मोजायचा. प्रकाश दिशेप्रमाणे बदलतो, आणि जिथे दोन उजेड आहेत तिथे संपूर्ण दृश्यासाठी पांढऱ्याचा एकच आकडा असूच शकत नाही. बशीच्या डाव्या काठावर बल्बचा उजेड पडला आहे, तिथे लाल २३२, हिरवा २१८, निळा १९० असे वाचन मिळाले असे धरू. उजव्या काठाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे बल्ब पोचत नाही आणि खिडकीचा उजेड पोचतो, तिथे ११२, ११२, ११६. बशीचा सपाट तळ वर तोंड करून आहे, तिथे २२२, २१२, १९४. परातीच्या बुडाखाली, जिथे सर्वांत गडद अंधार आहे, तिथे १९, १६, १५.

या आकड्यांत चित्राचे सगळे गुपित आहे. उजेडातला पांढरा उबदार आहे, सावलीतला पांढरा किंचित थंड आहे, आणि काळा पूर्ण काळा नाही. टेंपरेचरचा एकच स्लायडर खोक्याला उबदार करील तेव्हा त्याची सावलीतली बाजूही उबदार होईल, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी खटकेल.

वाचनाची जागा २५५ ला टेकलेली नसावी. तिथे चॅनेल भरून वाहिलेला असतो आणि मिळणारा आकडा खरा नसतो.

आधी उजळपणा, मग रंग

उदासीन केलेला खोका दृश्यात बसवल्यावर त्याच्या उजेडातल्या बाजूचा पांढरा २२६, सावलीतल्या बाजूचा १२० आणि घडीतला सर्वांत गडद भाग ६ आहे असे समजू. उजळपणा न जुळवता रंगाला हात घातला, तर पुढे उजळपणा बदलताना रंगाचे आकडे पुन्हा सरकतात. म्हणून खोक्याच्या लेयरवर पहिला कर्व्ह लावायचा तो RGB या एकत्रित रेषेवर. बशीच्या उजेडातल्या काठाचा उजळपणा, तिन्ही चॅनेलांचे वजन धरून, सुमारे २१९ येतो. म्हणून २२६ चे २१९, १२० चे ११२ आणि रेषेचे खालचे टोक ० वरून उचलून १० वर. त्यामुळे घडीतला ६ हा साधारण १५-१६ होतो, म्हणजे परातीखालच्या अंधाराच्या बरोबरीला येतो. खालचे टोक उचलायला बरेच जण विसरतात आणि मग रंग जुळूनही वस्तू दृश्यापेक्षा जास्त ठसठशीत, जणू पुढे आलेली दिसते.

हा आणि पुढचा प्रत्येक कर्व्ह फक्त खोक्यावर चालला पाहिजे. फोटोशॉपमध्ये समायोजनाचा लेयर खोक्याच्या लेयरला क्लिपिंग मास्कने बांधावा. GIMP च्या जुन्या आवृत्तीत कर्व्ह थेट पिक्सेलांवर बसतो, म्हणून तिथे प्रत्येक पायरीआधी लेयरची प्रत काढून ठेवावी.

झाक चढवणे: एक कर्व्ह पुरत नाही

इथे एक सापळा आहे. उजेडात उबदार आणि सावलीत थंड हवे असेल, तर निळ्या चॅनेलच्या कर्व्हवर वरच्या भागात एक बिंदू खाली ओढायचा आणि मधल्या भागात एक बिंदू वर, असे सुचते. एकाच रंगाच्या, साध्या वस्तूला हे चालते. आपल्या खोक्यावर मात्र हिरवी अक्षरे आहेत. कर्व्हला जागा कळत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. उजेडातल्या बाजूवरची गडद हिरवी अक्षरे कमी आकड्यांची असल्यामुळे कर्व्ह त्यांना सावली समजेल आणि थंड करील. परिणामी कागद उबदार आणि त्यावरची शाई निळसर, असा प्रकार होईल, जो कोणत्याही खऱ्या प्रकाशात घडत नाही.

म्हणून छपाई असलेल्या वस्तूला बाजूनुसार वेगळे कर्व्ह द्यावेत आणि प्रत्येक कर्व्ह सरळ रेषेतच ठेवावा. सरळ रेषेचा कर्व्ह त्या चॅनेलचे सगळे आकडे एकाच प्रमाणात कमी-जास्त करतो. रंगीत प्रकाश कागदाला आणि शाईला एकाच प्रमाणात रंगवतो, म्हणून सरळ रेषा खऱ्या प्रकाशाच्या सर्वांत जवळ जाते.

उजेडातल्या बाजूसाठी नवा कर्व्ह लेयर घ्यावा. निळ्या चॅनेलमध्ये २१९ चे १९० करायचे आहेत, म्हणजे प्रमाण ०.८७ च्या आसपास. त्या प्रमाणात २५५ चे २२१ होतात. म्हणून रेषेचे उजवे वरचे टोक सरळ खाली ओढून त्याचा Output २२१ करावा. मध्ये एकही बिंदू टाकू नये. टोक तसेच ठेवून मध्ये बिंदू टाकला, तर २१९ च्या वर रेषा एकदम उभी चढते आणि खोक्याच्या चकाकत्या कडा पुन्हा निळ्या-पांढऱ्या होतात. हा दोष फार वेळा दिसतो आणि ओळखायलाही सोपा असतो, कारण वस्तू उबदार पण तिची चकाकी थंड अशी विसंगती दिसते. लाल चॅनेलमध्ये २१९ चे २३२ करायचे आहेत. इथे टोक वर जाऊ शकत नाही, म्हणून ते डावीकडे सरकवून Input २४१ करावा, Output २५५ च राहील. २४१ च्या वरच्या चकाकीत लाल भरून जाईल. ती जागा फक्त कडांपुरती असेल तर हरकत नाही, पण मोठा भाग असेल तर उजळपणाच्या पहिल्या कर्व्हमध्ये वरचा भाग थोडा खाली आणावा. हिरव्यामध्ये २१९ आणि २१८ इतकाच फरक असल्याने तो तसाच सोडावा.

सावलीतल्या बाजूला दुसरा कर्व्ह लेयर. तिथे फक्त निळा ११२ वरून ११६ वर न्यायचा आहे, म्हणून निळ्या रेषेचे वरचे टोक डावीकडे सरकवून Input २४६ करावा. हा बदल अगदी थोडा दिसतो, पण तो गाळला तर सावलीची बाजू शेजारच्या उबदार बाजूपुढे मेलेली राखाडी वाटते.

प्रत्येक लेयरचा मास्क त्या त्या बाजूपुरता असावा. खोक्याच्या कडा सरळ असल्याने बहुभुज निवडीने बाजू आखता येते. दोन बाजू जिथे मिळतात तिथे मास्क एक-दोन पिक्सेल मऊ ठेवावा. गोल बरणीसारखी वस्तू असेल, तर मास्कला कडा नसते, तिथे प्रकाशाकडून सावलीकडे जाणारा ग्रेडियंट वापरावा.

वरच्या झाकणावर दोन्ही उजेड पडतात. बशीचा तळ आपल्याला हे आधीच सांगतो: तिथला निळा हिरव्याच्या ०.९१ पट आहे, तर उजेडातल्या काठावर तो ०.८७ पट होता. म्हणजे झाकणाला उजेडातल्याच बाजूचा कर्व्ह हवा, पण पुरता नको. त्या लेयरच्या मास्कमध्ये झाकणाचा भाग सुमारे ७० टक्के ठेवला की निळ्या-हिरव्याचे प्रमाण ०.९१ येते आणि लालही जुळतो. इथे आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. दिशेला दिशा जुळवून प्रमाण काढणे ही खरी पायरी आहे.

ढिगाची पिवळी झळ

सावलीच्या बाजूचा खालचा भाग परातीला लागून आहे. बल्बचा उजेड हळदीच्या ढिगावर पडून तिथून पिवळा होऊन खोक्यावर परत येतो. शिवाय ढीग खिडकीचा काही उजेड अडवतो. पाउचचा मूळ लेयर पुसून न टाकता लपवून ठेवला असेल, तर त्याच्या पांढऱ्या पट्टीवर ही झळ किती होती ते थेट मोजता येते. मला हा लपवलेला लेयर सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा पुरावा वाटतो, आणि तो घाईने पुसून टाकला जातो याचे वाईट वाटते. समजा पाउचच्या पट्टीवर खाली उजवीकडे १३८, १२४, १०४ असे वाचन आहे, तर वरच्या भागात ११२, ११२, ११६.

झळ हा वाढलेला प्रकाश आहे, म्हणून निळा नुसता कमी करून ती येत नाही. लाल आणि हिरवा वाढवावेच लागतात. तिसरा कर्व्ह लेयर सावलीच्या कर्व्हच्या वर घ्यावा. लाल रेषेचे वरचे टोक Input २०७ वर, हिरव्याचे २३० वर, आणि निळ्याचे टोक खाली Output २२९ वर. सावलीच्या या बाजूला इतके उजळ पिक्सेल नसल्याने लाल भरून जाण्याची भीती नाही. मास्क काळा करून त्यावर तळापासून ढिगाच्या माथ्यापर्यंत विरत जाणारा ग्रेडियंट द्यावा. विरण्याची लांबीही पाउचवरूनच ठरवावी. डोळ्यांना झळ आवडते म्हणून ती वाढवू नये. ती पटते तेव्हा बहुधा दिसतच नाही.

खोक्याने टेबलावर टाकलेली सावलीही काळी नसते. बशीच्या सावलीत लाकडाचा रंग कुठे गेला आहे ते मोजून तोच द्यावा. परातीच्या पितळेत जुन्या पाउचचे प्रतिबिंब राहिले असेल तर ते काढावे, नाहीतर रंग जुळवूनही चित्र खोटे ठरते.

ह्यू कुठे आणि किती

व्हाइट बॅलन्स ह्यूच्या स्लायडरने सुधारण्याचा प्रयत्न करू नये. हा स्लायडर प्रत्येक रंगाला वर्तुळावर फिरवतो. उदासीन राखाडीला रंगच नसल्याने तो जागचा हलत नाही, फिकट झाक असलेला पांढरा जेमतेम हलतो, आणि शाईचे रंग मात्र पुरते बदलून जातात. म्हणजे जे सुधारायचे ते तसेच राहते आणि जे बरोबर आहे ते बिघडते.

कर्व्ह्जनंतर ह्यूकडे का वळावे लागते, याचे कारण वेगळे आहे. तीन चॅनेलांना प्रमाणात कमी-जास्त करणे ही खऱ्या प्रकाशाची जवळची नक्कल आहे, पण तंतोतंत नाही. एलईडीच्या प्रकाशात काही तरंगलांबी भरपूर आणि काही तुटपुंज्या असतात. त्यामुळे पांढरा अचूक जुळला तरी एखादी विशिष्ट शाई बाहेरच्या सावलीत आणि त्या बल्बखाली कॅमेऱ्याला वेगळी दिसते.

आपल्या उदाहरणात अक्षरांचा हिरवा रंगाच्या कर्व्हआधी २८, १०४, ६३ होता, म्हणजे ह्यू सुमारे १४८ अंश. उजेडातल्या बाजूच्या कर्व्हनंतर तो ३०, १०४, ५५ झाला, म्हणजे १४० अंश. हे आठ अंश पिवळ्याकडे सरकणे योग्यच आहे. पिवळ्या उजेडात हिरवी शाई तशीच दिसते. नावाचा रंग बदलला असे म्हणून तो पुन्हा १४८ वर नेला, तर अक्षरे त्या उजेडातली वाटणार नाहीत. व्यापारी हरकत घेईल तेव्हा त्याला जुना पाउच याच दृश्यात कसा दिसत होता ते दाखवावे.

तोच पाउच आता मापही देतो. त्यावर हीच हिरवी शाई आहे आणि ती याच बल्बखाली टिपलेली आहे. चकाकी नसलेल्या जागी, बल्बकडे तोंड केलेल्या भागावर तिचा ह्यू १३२ अंश आढळला असे धरू. म्हणजे कर्व्ह्जनंतर उरलेला फरक आठ अंशांचा. Hue/Saturation चा लेयर खोक्याला बांधावा, Master ऐवजी Greens निवडावे आणि Hue −८ करावा. फोटोशॉपमध्ये Greens ची मूळ कक्षा १०५ ते १३५ अंशांवर पूर्ण चालते आणि १६५ पर्यंत विरते. आपला हिरवा १४० वर असल्याने त्याला बदल थोडा कमी पोचेल. म्हणून त्याच पॅनेलमधला ड्रॉपर घेऊन अक्षरावर एकदा टिचकी मारावी, की कक्षा त्या रंगाभोवती सरकते. उबदार पांढऱ्याचा ह्यू ४० अंशांच्या आसपास असल्याने तो या कक्षेच्या बराच बाहेर राहतो आणि कर्व्ह्जने केलेले काम शाबूत राहते. GIMP मध्ये कक्षा अशी सरकवता येत नाही, तिथे अक्षरांची निवड करून बदल तेवढ्यापुरता ठेवावा.

दहा-पंधरा अंशांहून जास्त ह्यू फिरवावा लागत असेल, तर थांबून मागे जावे. इतका फरक शाईमुळे क्वचित पडतो. बहुधा झाकेचे प्रमाण चुकलेले असते किंवा दोन फाइलींचे प्रोफाइल वेगळे राहिलेले असते.

जुळले की नाही हे कसे ओळखावे

या दृश्यात डोळा फसतो. पिवळ्या ढिगाशेजारी ठेवलेला पांढरा निळसर भासतो, म्हणून आकडे जुळलेले असतानाही खोक्यात आणखी पिवळा मिसळण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि पुढील तपासण्यांवर विश्वास ठेवावा.

पहिली तपासणी चॅनेलांची. फक्त निळा चॅनेल उघडून तो काळ्या-पांढऱ्या चित्रासारखा पाहावा. उबदार दृश्याचा निळा चॅनेल काळवंडलेला असतो, आणि न जुळलेला खोका त्यात दिव्यासारखा उजळ दिसतो. खोक्याची उजेडातली बाजू आणि बशीचा डावा काठ सारख्याच करड्या छटेचे दिसले, सावलीची बाजू आणि बशीचा उजवा काठ एकसारखे दिसले, की काम झाले. लाल आणि हिरव्यातही तसेच पाहावे. दुसरी तपासणी म्हणजे सगळ्यांच्या वर एक तात्पुरता लेयर घेऊन सॅच्युरेशन ६० ते ८० ने वाढवणे. पांढऱ्यात लपलेली झाक लगेच उघडी पडते: खोक्याची एखादी बाजू जांभळी किंवा हिरवी झाली आणि बशीची तीच दिशा नारिंगी राहिली, तर त्या बाजूच्या कर्व्हमध्ये चूक आहे. निळा जुळूनही वस्तू जांभळट वाटत असेल, तर हिरव्या चॅनेलकडे पाहावे. तिथे दोन-तीन अंकांचा फरकही पांढऱ्यावर जाणवतो. तपासल्यावर हा लेयर काढून टाकावा.

कडेवर एक-दोन पिक्सेलांची निळसर रेघ राहिली, तर ती कर्व्हची चूक नसते. बाहेरच्या सावलीतली पार्श्वभूमी कडेत मिसळलेली असते. मास्क एक पिक्सेल आत घ्यावा.

ही पद्धत कुठे हात टेकते तेही ध्यानात ठेवावे. खोक्याच्या मूळ छायाचित्रात पांढरा २५५ ला भरलेला असेल, तर कर्व्ह त्याला उबदार रंग देईल, पण तो सगळीकडे एकसारखा, पुठ्ठ्याचा पोत नसलेला सपाट रंग असेल. मोबाइलवरून आलेली ८ बिटची, दाबून लहान केलेली फाइल असेल, तर झळेच्या कर्व्हसारख्या उभ्या चढणाऱ्या रेषेने झाकणावर आणि सावलीत पट्टे उमटतात. अशा वेळी कर्व्ह्जशी झुंजण्यापेक्षा खोका पुन्हा टिपणे कमी वेळाचे ठरते: तसाच पिवळसर बल्ब डावीकडून, त्याच कोनातून, बशी शेजारी, रॉमध्ये, आणि एक्स्पोजर इतके कमी की बशी २३५ च्या वर जाणार नाही. मग रंगाच्या कर्व्ह्जना जेमतेम चार-पाच अंकांचे काम उरते.

शेवटी सगळे लेयर असलेली फाइल वेगळी जपून, तिची सपाट प्रत sRGB मध्ये बदलून ८ बिटची JPEG काढावी. ती प्रत उघडून बशीच्या आणि खोक्याच्या त्याच जागांचे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. मूळ फाइल Adobe RGB मध्ये असेल तर रूपांतरात आकडे बदललेले दिसतील, पण बशी आणि खोका यांच्यातले नाते तेच राहिले पाहिजे.